बाळंतिणीच्या खोलीतली कोळशाची शेगडी : न दिसणारा वायू कसा साठतो आणि त्याला वाट कशी काढावी

परळच्या एका जुन्या चाळीत माझी थोरली बहीण राहते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ आठ दिवसांचे झाले होते, बाहेर पावसाची झड लागली होती आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून पश्चिमेकडची खिडकी बंद करून तिच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. दारावरचा झरोका पावसाचे शिंतोडे येतात म्हणून आधीच प्लास्टिकने झाकलेला होता. सकाळी मालीश करणाऱ्या मावशी आल्या, त्यांनी गॅलरीत लोणारी कोळशाची शेगडी पेटवली, धूर पूर्ण बसून निखारे लालबुंद झाल्यावर ती आत आणून बाजेखाली ठेवली आणि शेक झाल्यावरही ऊब राहावी म्हणून ती तिथेच राहू दिली. दोन तासांनी ताईचा मला फोन आला : "अरे, हिला भोवळ येतेय, दोनदा उलटी झाली आणि बाळ दूध ओढत नाहीये. जरा येतोस का?"

माझी सारी नोकरी कारखान्यांतील वायुवीजनाची मोजमापे घेण्यात गेली, म्हणून माझा पहिला प्रश्न होता, "खोलीत शेगडी आहे का?" आहे म्हटल्यावर मी तिला सांगितले की, आधी दोघांना उचलून गॅलरीत आण, बाकी सगळे नंतर. मी पोहोचलो तेव्हा मावशींचेही डोके ठणकत होते, पण त्या मनापासून सांगत होत्या, "दादा, धूर एवढासाही नाही, बघा की. कोळसा चांगला फुललाय." त्यांचे म्हणणे खरे होते. धूर नव्हताच, आणि नेमका तिथेच घात होता.

हा लेख त्या एका परिस्थितीपुरता आहे : मुंबईतली एक लहान खोली, बंद खिडकी आणि आत जळणारी कोळशाची शेगडी. लाकडाच्या चुलीला जे वेगळे लागू होते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

धूर संपल्यावर काय सुरू होते

लाकूड जळताना जो धूर होतो, तो डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो आणि माणसाला खोलीबाहेर पिटाळतो. त्या धुरातले बारीक कण फुप्फुसांना वर्षानुवर्षे इजा करतात, परंतु निदान तो स्वतःची चाहूल देतो. लोणारी कोळसा म्हणजे ज्यातून हे धुराचे द्रव्य भट्टीतच निघून गेले आहे असे लाकूड. म्हणून तो पेटताना थोडा धुमसतो आणि मग नितळ जळतो. हा नितळपणा पाहून शेगडी आत आणण्याची आपली रीत पडली आहे.

निखाऱ्यांच्या थरात प्रत्यक्षात काय घडते ते नीट पाहावे. शेगडीच्या जाळीतून खालून आलेल्या हवेतील ऑक्सिजन तळाच्या निखाऱ्यांशी जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना वरच्या लालभडक निखाऱ्यांतून जातो आणि तिथला तापलेला कार्बन त्याच्यातला अर्धा ऑक्सिजन काढून घेतो. उरतो तो कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती याच वायूची, म्हणजे तेव्हा त्याचा काही भाग तरी जळून जात असतो. निखारे नुसते लाल असतील, वर ज्योत नसेल किंवा ऊब टिकावी म्हणून त्यांच्यावर राख पसरलेली असेल, तर हा वायू न जळताच खोलीत उतरतो. म्हणून राखेखाली जपलेला विस्तव हा विझत आलेला विस्तव असे समजू नये. तो तासन्‌तास हा वायू सोडत राहतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे वजन हवेच्या वजनाइतकेच असल्यामुळे तो जमिनीलगत साचून राहत नाही आणि आपोआप वर निघूनही जात नाही. तो शेगडीच्या गरम हवेबरोबर छताकडे चढतो आणि मग खोलीभर मिसळतो. चाळीतल्या ज्या खोल्यांना पोटमाळा आहे, तिथे वर झोपणाऱ्याला हा वायू आधी आणि जास्त मिळतो. छताचा पंखा तो नुसता ढवळतो, बाहेर काढत नाही. शेगडीशेजारी पाण्याचे भांडे ठेवले की विषारी वायू पाण्यात उतरतो असे अनेक घरांत सांगतात, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले, तरी तास-दोन तासांत रक्तातल्या बऱ्याच जागा तो अडवून बसतो. बाळंतिणीच्या अंगात आधीच रक्त कमी असते, त्यामुळे तिच्याकडे शिल्लक कमी असते. तान्हे बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते, म्हणून त्याच्या शरीरात तो लवकर भरतो आणि आपले डोके दुखते हे त्याला सांगता येत नाही.

त्या खोलीचा हिशेब

ताईची खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि ९ फूट उंच, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवेची. शेगडीत दोन तासांत सुमारे २५० ग्रॅम कोळसा जळला असावा, म्हणजे दोन-अडीच ओंजळी. उघड्या शेगडीत एक किलो लोणारी कोळसा जळताना साधारण २०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो, असे धरून चालता येते. शेगडी आणि कोळसा यांनुसार हा आकडा कमी-अधिक होतो, पण त्याचा आवाका हाच. म्हणजे २५० ग्रॅम कोळशातून ५० ग्रॅम वायू.

खोली पूर्ण हवाबंद असती, तर ५० ग्रॅम वायू ३० घनमीटरमध्ये पसरून दर घनमीटरला सुमारे १.७ ग्रॅम झाला असता. मोजणी-यंत्राच्या भाषेत हे सुमारे १,४५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १,४५० भाग. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा ये-जा करते. दोन तासांत खोलीतली हवा एकदा बदलली असे मानले, तरी दुसरा तास संपताना प्रमाण ९०० पीपीएमच्या आसपास येते. ८०० पीपीएममध्ये निरोगी माणसालाही पाऊण तासात चक्कर आणि मळमळ होते आणि दोन तासांत शुद्ध हरपू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दिलेली एका तासाची मर्यादा आहे घनमीटरमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३० पीपीएम, आणि आठ तासांची मर्यादा आहे १० मिलिग्रॅम, म्हणजे ९ पीपीएमच्याही किंचित खाली.

यापुढचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण "आम्ही खिडकी थोडी उघडी ठेवतो" हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकले आहे. एकाच बाजूची खिडकी अर्धी उघडी असेल आणि बाहेर वारा पडलेला असेल, तर तासाला खोलीतली हवा चार-पाच वेळा बदलली तरी पुष्कळ झाले. ताशी पाच बदल धरले, तर त्याच शेगडीने खोलीतले प्रमाण १४५ पीपीएमच्या आसपास स्थिरावते. जीव लगेच जात नाही, पण तासाच्या मर्यादेच्या पाचपट विष हवेत राहते. ९ इंची एक्झॉस्ट पंखा भिंतीत बसवल्यावर प्रत्यक्षात ताशी सुमारे ४०० घनमीटर हवा खेचतो असे धरा, तरी आकडा ५० पीपीएमच्या वरच राहतो. तासाची मर्यादा पाळायची तर ताशी ७०० घनमीटरहून अधिक हवा लागते, म्हणजे तासाला खोलीची हवा २४ वेळा पूर्ण बदलावी लागते. बाळंतिणीच्या खोलीत एवढा वारा कोणी खेळू देणार नाही, आणि देऊही नये.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे की, उघड्या शेगडीवर खिडकी हा उपाय नाही. खिडकीमुळे वेळ मिळतो, सुरक्षितता मिळत नाही. उपाय दोनच उरतात : विस्तव बाहेर ठेवून फक्त ऊब आत आणणे, किंवा विस्तवाच्या डोक्यावर धुरांडे बसवून त्याचा वायू खोलीत मिसळण्याआधीच बाहेर काढणे.

आता खोलीत कोणाला त्रास होत असेल, तर

पहिले काम माणसे बाहेर काढण्याचे. आधी बाळ, मग बाळंतीण, मग पोटमाळ्यावर किंवा मोरीत कोणी आहे का ते पाहणे. बाहेर जाताना दार उघडेच टाकावे आणि हाताशी असली तर खिडकी ढकलावी, पण खिडकीच्या चिंध्या काढत आत थांबू नये. शेगडीवर खोलीतच पाणी ओतू नये. तापलेल्या कोळशावर पाणी पडले की वाफ, राख आणि आणखी कार्बन मोनॉक्साइड असे सारे एकदम उसळते. खोली काही मिनिटे मोकळी झाल्यावर, ज्याला काही त्रास होत नाही अशा माणसाने शेगडी उचलून बाहेर न्यावी.

मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोणी बेशुद्ध असेल, झटके येत असतील, छातीत दुखत असेल किंवा बाळ मलूल पडले असेल, तर क्षणभरही थांबू नये. बाहेरच्या हवेत बरे वाटू लागले म्हणून जाणे टाळू नये. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायलाच चार ते पाच तास लागतात, तर घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तासाभरात किंवा दीड तासात ते निम्म्यावर येते.

रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य असे असावे : "बंद खोलीत कोळशाची शेगडी होती." हे न सांगितल्यास उलटी आणि चक्कर यांचा संबंध बाळंतपणातल्या अशक्तपणाशी जोडला जाणे अगदी स्वाभाविक आहे, आमच्या घरातल्यांनीही आधी तोच जोडला होता. दुसरी गोष्ट बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची. भाचीच्या बोटावर त्या दिवशी ९८ आकडा दिसत होता आणि ताईला त्यामुळे धीर आला होता. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते, आणि कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. त्यामुळे विषबाधेतही ते नेहमीचा आकडा दाखवते. रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजण्याची तपासणी वेगळी असते, तिचे नाव घेऊन विचारावे. रक्त जितक्या लवकर काढले जाईल तितका आकडा खरा, कारण ऑक्सिजन सुरू झाल्यावर तो उतरत जातो. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत असते. भाचीचे १७ टक्के निघाले, आणि तेही गॅलरीत व वाटेत बराच वेळ मोकळ्या हवेत घालवल्यानंतर. दोघेही ऑक्सिजनवर सावरले. बरे होऊन घरी आल्यावरही पुढच्या काही आठवड्यांत विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे किंवा स्वभावात बदल दिसला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, कारण या विषबाधेचे काही परिणाम उशिरा दिसतात.

आणि ओळखायचे कसे? एकट्या डोकेदुखीवरून कळत नाही. पण एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी येत असेल, ताप नसेल आणि गॅलरीत जाऊन आलेल्याला बरे वाटत असेल, तर संशय खोलीवर घ्यावा. त्वचा लालसर होण्याची वाट पाहू नये. ते लक्षण क्वचितच दिसते, आणि दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

विस्तव बाहेर, ऊब आत

शेकाची प्रथा सोडा असे मी मावशींना सांगितले नाही, कारण त्यांच्या हाताची ऊब भाचीला खरोखर हवी होती. आम्ही फक्त विस्तवाची जागा बदलली. लोखंडी कढईत दोन वाट्या धुतलेली, वाळवलेली बारीक वाळू मंद आचेवर परतायची आणि जाड सुती कापडाच्या दुहेरी घडीत तिची पुरचुंडी बांधायची. वाळूत मूठभर ओवा घातला की वासही येतो. वाळूऐवजी जाडे मीठ चालते, पण ते ऊब लवकर सोडते. पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून पाहावी. तिथे सोसवली नाही, तर बाळंतिणीच्या कंबरेलाही सोसणार नाही. टाक्यांच्या जागी आणि बाळाच्या अंगावर ती लावू नये. दोन पुरचुंड्या आलटून पालटून वापरल्या, तर अर्धा तास सलग शेक देता येतो. रात्रीच्या उबेसाठी पंचात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी पुरते.

गॅस नसेल किंवा शेगडीच वापरायची असेल, तर कढई शेगडीवर गॅलरीत तापवावी. पण गॅलरी म्हणजे काय, हे मुंबईत जरा तपासून घ्यावे लागते. काचा सरकवून बंद केलेली गॅलरी ही खोलीच आहे. चाळीच्या सामाईक गॅलरीत शेगडी कोणाच्याही खिडकीखाली किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवू नये. वारा जिकडे जातो त्या टोकाला ठेवावी आणि शेगडी पेटलेली असेपर्यंत आपले दार लोटून घ्यावे, नाहीतर बाहेरचा वारा तोच वायू आत ढकलतो.

धुरीबद्दल थोडक्यात. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा किंवा ऊद निखाऱ्यांवर टाकून खोलीत फिरवण्याने वरचा धूर आणि खालचा वायू हे दोन्ही एकदम बाळाच्या नाकाशी येतात. मला यात ठेवण्यासारखे काहीच दिसत नाही. कोणाचा आग्रहच असेल, तर बाळाची दुपटी गॅलरीत धुरावर धरून, झटकून, मग आत आणावीत.

वारा लागण्याच्या भीतीचेही उत्तर द्यायला हवे, कारण शेगडी बाहेर गेली तरी हवा कोंडलेली राहते. बाज झरोका आणि दार यांच्यामधल्या रेषेत न ठेवता भिंतीकडे सरकवली आणि पायथ्याला एक जुनी साडी पडद्यासारखी बांधली, की झोत अंगावर न येता हवा डोक्यावरून जाते. झरोक्यावरचे प्लास्टिक काढून त्याजागी खाली उतरत्या तिरप्या पट्ट्या बसवल्या, तर पाऊस बाहेर राहतो आणि छताखालची गरम हवा निघून जाते. ताईच्या सुताराने हे काम एका दुपारी केले.

जिथे विस्तव आतच राहणार आहे तिथे धुरांडे

पत्र्याच्या छपराच्या कितीतरी खोल्यांत चूल किंवा पाण्याचा बंब आतच पेटतो आणि तिथल्या माणसांपुढे गॅलरी हा पर्याय नसतो. तिथे खिडकी मोठी करण्याआधी धुरांड्यावर पैसे घालवावेत. सर्वांत आधी चुलीची जागा पक्की करावी. धुरांड्याखालून दोन फूट सरकलेली शेगडी म्हणजे धुरांडे नसलेली शेगडी.

चुलीवर पत्र्याचे झाकण, म्हणजे उलट्या परातीसारखे टोपण बसवावे. ते चुलीवरच्या भांड्याच्या कडेपासून चारी बाजूंनी किमान अर्धा फूट बाहेर यावे आणि विस्तवापासून दोन-अडीच फुटांपेक्षा वर नसावे. ते जितके उंच, तितका वायू त्याच्या कडेने निसटतो. मागची आणि एक बाजूची भिंत पत्र्याने बंद केली तर त्याची पकड पुष्कळ वाढते. टोपणातून ६ इंची नळ सरळ वर न्यावा, वाटेत आडवा तुकडा घालू नये, आणि छपराच्या जवळच्या सर्वांत उंच भागाच्या दोन फूट वर तो संपवावा. पावसासाठी वर टोपी हवी, पण टोपी आणि नळ यांच्यात नळाच्या व्यासाएवढे अंतर सोडावे. नळ जिथे पत्र्यातून किंवा लाकडी वाशाजवळून जातो, तिथे मोकळी जागा ठेवावी, कारण तो खूप तापतो.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे आत येणारी हवा. नळाने जेवढी हवा बाहेर जायची, तेवढी कुठून तरी आत यायला हवी. ६ इंची नळाचे तोंड सुमारे १८० चौरस सेंटिमीटरचे असते. अडीच फुटी दाराखाली एक इंचाची फट सोडली, तर तीही जवळपास तेवढीच भरते. उंदीर येतात म्हणून ती फट बुजवायची असेल, तर भिंतीत खाली तेवढ्याच मापाची जाळी बसवावी. लाकडाच्या धुराने नळात काजळी बसते, म्हणून रोजच्या वापरात महिन्यातून एकदा दोरीला बांधलेल्या काथ्याच्या गोळ्याने नळ साफ करावा.

काम झाल्यावर उदबत्तीने तपासावे. चूल पेटवून दहा मिनिटे झाल्यावर, दार-खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून, पेटती उदबत्ती टोपणाच्या कडेला चारी बाजूंनी फिरवावी. धूर आत ओढला जात असेल तर ठीक, पण एखाद्या कडेला तो खोलीकडे वळत असेल तर तिथून विषारी वायूही येतो आहे. मग दार किंचित उघडून पाहावे. लगेच सुधारणा झाली तर आत येणारी हवा कमी पडते आहे. सुधारणा झाली नाही तर नळ तुंबला आहे, आखूड आहे किंवा टोपण उंच बसले आहे. खोलीत एक्झॉस्ट पंखा असेल, तर तो चालू करून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. ताकदवान पंखा कोंडलेल्या खोलीत धुरांड्यातूनच हवा खाली खेचतो आणि बाहेर चाललेला वायू उलटा घरात येतो. असे दिसले, तर त्या खोलीत चूल पेटलेली असताना पंखा लावू नये. हीच तपासणी दुपारी समुद्रावरचा वारा असताना एकदा आणि रात्री हवा पडलेली असताना एकदा करावी, कारण मुंबईतली एकच खोली या दोन वेळी दोन निराळ्या खोल्यांसारखी वागते.

धुरांड्याचीही एक मर्यादा आहे. नळातली हवा गरम असते म्हणून ती वर चढते. रात्री विस्तव मंदावला की नळ थंड होतो आणि ओढ जाते, पण राखेखालचे निखारे वायू सोडतच असतात. म्हणून स्वयंपाक संपल्यावर चुलीत विस्तव जपून ठेवू नये, आणि विस्तव असलेल्या खोलीत कोणी झोपू नये.

यंत्रे कोणती कामाची

घरात आग पेटणारच असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा, आणि त्यावर EN 50291 किंवा UL 2034 हे मानक छापलेले आहे का ते पाहावे. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. हवेतली धूळ दाखवणारी यंत्रेही तो मोजत नाहीत. एअर प्युरिफायर कण गाळतो, वायू सोडून देतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो आणि त्याच्यासाठी बंद केलेल्या फटी परिस्थिती आणखी वाईट करतात.

अलार्म झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, बाजेजवळ, पण विस्तवापासून पाच-सहा फूट दूर लावावा. पडद्यामागे, कपाटाच्या कोपऱ्यात किंवा मोरीच्या वाफेत लावू नये. पोटमाळ्यावर कोणी झोपत असेल तर वर दुसरा हवा. पहिल्या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासानंतर आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. थोड्या प्रमाणाला तो मुद्दाम उशिरा वाजतो, म्हणून तो गप्प आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा घेऊ नये, विशेषतः बाळ आणि बाळंतीण यांच्या बाबतीत. त्यावरचे बटण दाबल्यावर भोंगा व बॅटरी तपासली जाते, आतला संवेदक नव्हे. त्याचे आयुष्य काही वर्षांचेच असते आणि संपण्याची तारीख मागे छापलेली असते.

शेगडी विझवण्याचेही एक शिस्तबद्ध काम आहे. ताईकडे आता मावशी कढई उतरवली की चिमट्याने निखारे एक-एक करून जाड पत्र्याच्या डब्यात टाकतात, झाकण घट्ट लावतात आणि डबा गॅलरीच्या टोकाला, फरशीवर, कपड्यांच्या दोरीपासून दूर ठेवतात. हवा न मिळाल्याने निखारे आत विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी कामी येतो. हाताला डबा गार लागला, तरी तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत उंबऱ्याच्या आत आणत नाहीत.